एका वेळी किती चॅट? लाइव्ह चॅटची मर्यादा आणि उत्तरांचा दर्जा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चॅट सपोर्टमध्ये बसणाऱ्या एजंटांकडून आणि त्यांची शिफ्ट लावणाऱ्या टीम लीडरांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. एका एजंटकडे एकाच वेळी जास्तीत जास्त किती चॅट जाऊ द्यायच्या, हा आकडा सिस्टिममध्ये कुणीतरी एकदा भरतो आणि मग महिनोन्महिने त्याकडे कुणी पाहत नाही. खरं तर एजंटचा अख्खा दिवस कसा जाणार आणि ग्राहकाला नीट उत्तर मिळणार की नाही, हे बरंचसं त्या एका आकड्यावर ठरतं.

## सरळ सांगा, एका वेळी किती चॅट घ्याव्यात?

बहुतेक टीमसाठी उत्तर दोन किंवा तीन येतं. काम फार सोपं असेल, म्हणजे ऑर्डर कुठे पोहोचली, दुकान किती वाजेपर्यंत उघडं आहे अशा स्वरूपाचं, तर चार निभतात. तांत्रिक बिघाड शोधणं, पैशांचा घोळ सोडवणं किंवा तक्रार ऐकून घेणं असेल, तर दोनाच्या पुढे जाऊ नये, आणि कधी कधी एकच चॅट योग्य असते.

पण दुसऱ्या टीमचा आकडा उचलून आपल्याकडे लावण्यात अर्थ नाही. ही मर्यादा तुमच्या चॅटच्या स्वभावातून निघते आणि ती मोजता येते. कशी, ते पुढे आहे.

## मुळात एक माणूस दोन-तीन जणांशी एकदम बोलू कसा शकतो?

तो एकदम बोलत नसतो. एका ग्राहकाचा टाइप करण्याचा वेळ तो दुसऱ्या ग्राहकासाठी वापरत असतो. तुम्ही विचारता, ‘स्क्रीनवर कोणता एरर दिसतोय?’ ग्राहक तो एरर शोधतो, वाचतो, टाइप करतो. यात पाऊण-एक मिनिट सहज जातं. फोनवर हा वेळ कानाला लागलेल्या शांततेत जातो. चॅटमध्ये तो मोकळा मिळतो.

म्हणून प्रत्येक चॅटचे दोन भाग करून बघा. एक भाग एजंटच्या कामाचा: वाचणं, खातं उघडून पाहणं, उत्तर लिहिणं. दुसरा भाग ग्राहकाचा: वाचणं, शोधणं, टाइप करणं, मधेच उठून पाणी पिणं. एका वेळी किती चॅट पेलतील हे या दोन भागांच्या प्रमाणावर ठरतं. एजंट किती चपळ आहे, टायपिंग किती जलद आहे, हे त्यानंतर येतं.

यातून एक गोष्ट लगेच दिसते. ग्राहक भरभर उत्तरं देणारे असतील तर मर्यादा खाली येते, कारण मोकळा वेळच उरत नाही. संथ ग्राहकांसोबत जास्त चॅट निभतात. बऱ्याच लीडरांना हे उलटं वाटतं.

## आमच्या टीमचे हे दोन भाग कसे मोजायचे?

चॅटच्या उताऱ्यात प्रत्येक मेसेजशेजारी वेळ असतेच. ग्राहकाचा मेसेज आल्यापासून एजंटचं उत्तर जाईपर्यंतचा वेळ एजंटच्या खात्यात टाका. एजंटचं उत्तर गेल्यापासून ग्राहकाचा पुढचा मेसेज येईपर्यंतचा वेळ ग्राहकाच्या खात्यात.

इथे एक चूक जवळजवळ सगळेच करतात. ते गर्दीच्या वेळच्या चॅट मोजायला घेतात. त्या वेळी एजंट दुसऱ्या चॅटमध्ये अडकलेला असतो, त्यामुळे ‘एजंटचा वेळ’ म्हणून जो आकडा मिळतो त्यात नुसतं खोळंबणंही मिसळलेलं असतं. मोजायला त्याच चॅट घ्या ज्या चालू असताना एजंटकडे दुसरी एकही चॅट नव्हती. शांत वेळेतल्या, सकाळी लवकरच्या किंवा रात्रीच्या. अशा ३०-४० चॅट मिळाल्या तरी अंदाज यायला पुरतात. ग्राहक शेवटी काही न बोलता निघून गेला असेल, तर तो शेवटचा रिकामा तुकडा मोजणीतून काढून टाका.

## एक उदाहरण पूर्ण सोडवून दाखवाल का?

हो, कारण यातच सगळं आहे. समजा, तुमच्या मोजणीत असं निघालं की सरासरी चॅटमध्ये ८ फेऱ्या होतात. प्रत्येक फेरीत एजंटला ३० सेकंद लागतात आणि ग्राहकाला ४५. म्हणजे एकटी चालणारी चॅट १० मिनिटांची. त्यात एजंटचं काम ४ मिनिटं, ग्राहकाचा वेळ ६ मिनिटं.

कागदावरचा पहिला हिशेब असा: १० भागिले ४, म्हणजे अडीच. एजंट क्षणभरही रिकामा बसला नाही, तर तो अडीच चॅट पेलेल. त्याच्या तासात ६० मिनिटं आहेत आणि प्रत्येक चॅट त्यातली ४ खाते, त्यामुळे काहीही केलं तरी तासाला १५ पेक्षा जास्त चॅट संपणार नाहीत. हे छत.

मात्र मेसेज वेळापत्रक पाळून येत नाहीत. दोन चॅट घेतल्या की कधी दोन्ही ग्राहक टाइप करत असतात आणि एजंट रिकामा बसतो, तर कधी दोघांचे मेसेज एकदम येतात आणि एकाला थांबावं लागतं. तीन चॅटमध्ये ही टक्कर वारंवार होते. त्यात आणखी एक भर पडते: चॅट बदलली की मागचं पुन्हा वाचावं लागतं, त्यामुळे एका उत्तराचे ३० सेकंद ३० राहत नाहीत. दोन चॅट असताना ते ३३ होतात, तीन असताना ३७ आणि चार असताना ४५, असं धरू. ही वाढ मी उदाहरणासाठी धरली आहे. तुमच्याकडची तुम्हाला मोजावी लागेल. रांगांच्या नेहमीच्या गणितात हे आकडे घातले की असं चित्र येतं:

| एका वेळी चॅट | ग्राहकाला एका उत्तरासाठी वाट | एक चॅट किती चालते | तासाला किती संपतात |
|---|---|---|---|
| १ | ३० सेकंद | १० मिनिटं | ६ |
| २ | ४७ सेकंद | सुमारे १२ मिनिटं | ९.८ |
| ३ | ७७ सेकंद | सुमारे १६ मिनिटं | ११ |
| ४ | १३८ सेकंद | सुमारे २४ मिनिटं | ९.८ |

एकावरून दोनवर जाताना कमाई मोठी आहे आणि ग्राहकाला किंमत फार मोजावी लागत नाही. १७ सेकंद जास्त, बस. दोनावरून तीनवर जाताना तासाला जेमतेम एक चॅट वाढते, पण ग्राहकाची वाट पाहण्याची वेळ दीडपटीहून जास्त होते. आणि चौथी चॅट घेतली की संपणाऱ्या चॅट पुन्हा दोनाच्या पातळीवर येतात. ग्राहक मात्र प्रत्येक उत्तरासाठी दोन मिनिटांहून जास्त ताटकळतो आणि एजंट शिफ्टभर मान वर करत नाही.

ही शेवटची ओळ मला प्रत्येक टीम लीडरच्या भिंतीवर लावावीशी वाटते. चार चॅट घेणारा एजंट दोन चॅट घेणाऱ्याइतकंच काम उरकतो, फक्त दुप्पट थकून.

## मग या उदाहरणात मर्यादा दोन की तीन?

नुसत्या संपलेल्या चॅट पाहिल्या तर तीन. पण ‘संपली’ आणि ‘सुटली’ यांत फरक आहे. तीच अडचण घेऊन ग्राहक दोन दिवसांनी परत आला, तर पहिली चॅट फुकट गेली आणि वर दुसरीही करावी लागली.

समजा, दोन चॅटच्या दिवसांत १०० पैकी ८ ग्राहक आठवड्याभरात त्याच कारणासाठी परत येतात आणि तीनच्या दिवसांत २०. तर दोनवर तासाला सुमारे ९ अडचणी खऱ्या सुटतात, आणि तीनवर ८.८. तीनची सगळी आघाडी गेली, आणि परत येणारा ग्राहक आधीच चिडलेला असतो, त्याची चॅट लांबते. म्हणून तुमची मर्यादा अशी शोधा: तासाला संपलेल्या चॅटमधून परत आलेल्या वजा करा, आणि तो आकडा ज्या ठिकाणी वाढायचा थांबतो तिथेच थांबा.

## चॅट बदलताना नेमकं काय हरवतं?

१९९५ साली रॉबर्ट रॉजर्स आणि स्टीफन मॉन्सेल या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की एका कामावरून दुसऱ्यावर जाताना माणूस मंदावतो आणि चुकाही जास्त करतो. पुढचं काम कोणतं हे आधी माहीत असलं आणि तयारीला वेळ मिळाला, तरी हा तोटा कमी होतो, पण पूर्ण जात नाही. २००९ साली सोफी लेरॉय यांनी याला जोडून दुसरी बाजू मांडली: आधीचं काम अर्धवट टाकून आलो तर लक्षाचा काही भाग तिथेच घुटमळत राहतो आणि नव्या कामाला तेवढं कमी मिळतं. चॅट एजंटचं कामच असं आहे की प्रत्येक वेळी आधीचं काम अर्धवटच टाकावं लागतं.

प्रत्यक्षात हे कसं दिसतं ते बघा. एजंटकडे तीन चॅट आहेत. पहिल्या ग्राहकाचे पैसे दोनदा कापले गेलेत, दुसऱ्याला पासवर्ड बदलायची लिंक येत नाही, तिसऱ्याला आपला प्लॅन बदलायचा आहे. पहिला ग्राहक बोलता बोलता सांगतो की दुसऱ्यांदा पैसे वेगळ्या कार्डावरून गेले. एजंट ते वाचतो, खातं उघडतो, तेवढ्यात दुसरीकडे मेसेज वाजतो. तो तिकडे जातो, लिंक पुन्हा पाठवतो, मग तिसऱ्या ग्राहकाला दोन प्लॅनमधला फरक समजावतो. पहिल्याकडे परतेपर्यंत अडीच मिनिटं झालेली असतात. त्याला ‘पैसे दोनदा कापले’ एवढं आठवतं. वेगळं कार्ड आठवत नाही. तो नेहमीचं तयार उत्तर टाकतो की अडकलेला व्यवहार आपोआप रद्द होऊन पैसे परत येतील. पण दोन वेगळी कार्डं म्हणजे दोन पूर्ण झालेले व्यवहार असू शकतात. तिथे आपोआप काही होणार नाही, परतावा कुणीतरी सुरू करावा लागेल. ग्राहक ‘ठीक आहे, धन्यवाद’ म्हणून जातो. चॅट वेळेत संपते, रेटिंगही कदाचित चांगलं मिळतं, आणि आठवड्याने तोच ग्राहक संतापून परत येतो.

विषयाची ओळख डोक्यात टिकते, आणि गळतो तो तपशील, ज्याच्यामुळे हे प्रकरण नेहमीपेक्षा वेगळं होतं. म्हणून जास्त चॅट घेतल्यावर साधे प्रश्न फारसे बिघडत नाहीत, वेगळे प्रश्न बिघडतात.

## दर्जा घसरतोय हे लवकर कसं ओळखायचं?

सगळ्यात आधी, पहिल्या उत्तराच्या वेळेवर विसंबू नका. तो आकडा सगळ्यांच्या डॅशबोर्डवर मोठ्या अक्षरात असतो, आणि ‘नमस्कार, मी आपली काय मदत करू?’ हे वाक्य पाच सेकंदांत पाठवता येतं. एजंटवर ताण वाढतो तेव्हा तो नमस्कार वेळेवरच करतो, थांबतो तो त्यानंतर. बघायचं ते मधल्या उत्तरांमधलं अंतर. त्यातही सरासरीपेक्षा प्रत्येक चॅटमधलं सगळ्यात मोठं अंतर जास्त बोलकं असतं. ते दोन मिनिटांच्या पुढे वरचेवर जात असेल, तर एजंट पेलवण्याच्या पलीकडे गेला आहे.

दुसरी खूण ग्राहकाच्या तोंडून मिळते. ‘आहात का?’, ‘हॅलो?’, नुसतं प्रश्नचिन्ह. अशा मेसेजची दर शंभर चॅटमागे मोजणी ठेवा. उताऱ्यात शोध घेतला की पाच मिनिटांत निघते, आणि माझ्या मते दर्जाचं इतकं स्वस्त आणि प्रामाणिक माप दुसरं नाही.

तिसरी खूण एजंटच्या मेसेजमध्ये असते: ग्राहकाने आधीच सांगितलेली गोष्ट पुन्हा विचारणं. ऑर्डर नंबर वर दिलेला असतो आणि एजंट तोच मागतो. याचा अर्थ तो वरचं वाचायला थांबला नाही, कारण त्याला थांबणं परवडत नव्हतं.

त्यापुढच्या खुणा गंभीर आहेत. तयार उत्तर प्रश्नाशी न जुळणं, ग्राहकाने दोन गोष्टी विचारल्या असताना एकीचंच उत्तर देणं, प्रकरण समजून न घेता दुसऱ्या विभागाकडे ढकलणं. आणि सगळ्यात वाईट म्हणजे एका ग्राहकाची माहिती दुसऱ्याच्या खिडकीत जाणं. हे एकदाही घडलं तर एजंटला नोटीस देण्याआधी त्या क्षणी त्याच्याकडे किती चॅट उघड्या होत्या ते बघा.

## पण आमचं सीसॅट, म्हणजे ग्राहकांनी दिलेलं रेटिंग, उत्तम आहे. तरी काळजी करायची?

करायची. रेटिंग चॅट संपताक्षणी दिलं जातं आणि उत्तर चुकीचं होतं हे ग्राहकाला नंतर कळतं. वरच्या दोन कार्डांच्या उदाहरणात तेच झालं. शिवाय कंटाळून मधेच निघून गेलेले ग्राहक रेटिंग देतच नाहीत, त्यामुळे सगळ्यात नाराज माणूस त्या आकड्यात मोजलाच जात नाही.

सीसॅट बघायचंच असेल तर ते एकूण न बघता तुकड्यांत बघा. प्रत्येक चॅटसमोर ती सुरू झाली तेव्हा एजंटकडे किती चॅट उघड्या होत्या ते लिहा, आणि एक, दोन, तीन, चार असे गट पाडा. परत आलेल्या ग्राहकांचंही तसंच करा. कुठल्या गटापासून आकडे कोसळतात ते डोळ्यांना दिसतं. तुलना मात्र सारख्या विषयांच्या चॅटमध्येच करा, नाहीतर गर्दीच्या दिवशी बिघाडामुळेच लोक चिडलेले होते की एजंटवरच्या ताणामुळे, हे कळणार नाही.

## रांग लांबली की मर्यादा तात्पुरती वाढवावी का?

ही सगळ्यांत स्वाभाविक आणि सगळ्यांत महागात पडणारी प्रतिक्रिया आहे. मर्यादा दोनाची चार केली की रांगेचा आकडा लगेच खाली येतो आणि सगळ्यांना हायसं वाटतं. पण ग्राहक रांगेतून उठून चॅटच्या आत येऊन बसले, एवढंच झालं. वाट ते तिथेही पाहतातच, फक्त आता ती रिपोर्टमध्ये दिसत नाही.

हे तपासायला जॉन लिटल यांचा नियम पुरतो, जो त्यांनी १९६१ साली सिद्ध केला: एका वेळी उघड्या असलेल्या चॅटची सरासरी संख्या म्हणजे चॅट येण्याचा वेग गुणिले एक चॅट चालण्याचा वेळ. तासाला ६० चॅट येतात असं धरा, म्हणजे मिनिटाला एक. वरच्या तक्त्याप्रमाणे मर्यादा दोन असताना चॅट साधारण १२ मिनिटं चालते, म्हणजे एका वेळी १२ चॅट उघड्या, आणि त्या सांभाळायला ६ एजंट. मर्यादा चार केली की चॅट २४ मिनिटांची होते, २४ उघड्या राहतात, आणि चारने भागल्यावर पुन्हा ६ एजंटच लागतात. वाचलं कुणीच नाही.

खरी परिस्थिती याहूनही वाईट असते. उत्तर यायला उशीर झाला की ग्राहक दुसऱ्या टॅबमध्ये जातो. एजंटचं उत्तर येतं तेव्हा तो तिथे नसतो. आता एजंट त्याची वाट पाहतो, आणि ती चॅट उघडी राहून एक जागा अडवून बसते. एजंट तक्रार करतो की हल्लीचे ग्राहक उत्तरच देत नाहीत. ते उत्तर देत नाहीत, कारण आपण त्यांना तशी सवय लावली.

त्यापेक्षा रांगेत खरं सांगणं बरं: ‘सध्या सुमारे १५ मिनिटं लागतील, थांबता की ईमेलने उत्तर देऊ?’ बरेच जण ईमेल निवडतात आणि त्यांना नंतर शांतपणे नीट उत्तर देता येतं. रांग फारच वाढली तर नवीन चॅट घेणं काही वेळ बंद ठेवा. एकाच बिघाडाबद्दल सगळे विचारत असतील, तर त्याची सूचना चॅट सुरू होण्याआधीच दाखवा. निम्मी गर्दी तिथेच कमी होऊ शकते. वाढवायचीच असेल तर एकाने वाढवा, अर्ध्या तासासाठी, आणि ती आपोआप पूर्ववत होईल अशी सोय आधी करा. हाताने खाली आणायची वाढीव मर्यादा सहसा कायमची होऊन बसते.

## सगळ्या चॅट सारख्याच मोजायच्या का?

शक्य असेल तर नाही. काही सिस्टिममध्ये प्रत्येक विषयाला वजन देता येतं: ऑर्डरची चौकशी १, परतावा २, तक्रार ३, आणि एजंटची एकूण क्षमता ४. मग तक्रार चालू असताना त्याच्याकडे फार तर एक साधी चौकशी येईल. वजन ठरवताना तोच एजंटचा वेळ आणि ग्राहकाचा वेळ विषयवार मोजा, अंदाजाने आकडे टाकू नका.

अशी सोय नसेल तर निदान एजंटला स्वतःला ‘नवीन नको’ असं बटण दाबता आलं पाहिजे, आणि ते दाबल्याबद्दल त्याला जाब विचारला जाऊ नये. चिडलेला ग्राहक किंवा पैशांचा मोठा घोळ समोर आहे हे चॅट वाटून देणाऱ्या सिस्टिमला कळत नाही, एजंटला कळतं.

ज्या मेसेजिंगमध्ये ग्राहक तासाभराने, कधी दुसऱ्या दिवशी उत्तर देतो, तिथे हे आकडे लावू नका. तिथे दहा-पंधरा संवाद उघडे असणं साहजिक आहे, कारण त्या क्षणी हलणारे त्यातले दोन-तीनच असतात.

## माझ्याकडे आत्ता चार चॅट आहेत. मी काय करू?

चौघांनाही आधी एक ओळ पाठवा, आणि त्यात वेळ सांगा. ‘तपासतोय’ एवढं पुरेसं नाही. ‘तुमचे दोन्ही व्यवहार उघडून बघतोय, तीन मिनिटं द्या’ असं लिहिलं की ग्राहक तीन मिनिटं शांत राहतो, आणि तुम्हाला तीन अखंड मिनिटं मिळतात. सांगितलेली वेळ पाळा. काम झालं नसेल तरी त्या वेळेला परत जाऊन तसं सांगा.

मग ज्या चॅटला संपायला एकच उत्तर बाकी आहे ती आधी संपवा. उघड्या चॅट चारवरून तीनवर आल्या की बाकीच्या तिन्ही सोप्या होतात. कुणाला खूप वेळ थांबायला लावलंय याचं भान मात्र ठेवा, नाहीतर अवघड प्रकरणाचा ग्राहक कायम शेवटीच राहतो.

एखादी चॅट सोडून जाण्याआधी तिच्या टिपेत पाच-सहा शब्द टाका. प्रश्नाचं नाव नको, वेगळेपण लिहा: ‘दुसरं पेमेंट वेगळ्या कार्डावरून’. परत आल्यावर वरचे पंधरा मेसेज वाचण्याऐवजी ती ओळ वाचायची. उत्तर अर्धं टाइप करून दुसऱ्या खिडकीत जाऊ नका. ते पूर्ण पाठवा किंवा पुसा. चुकीच्या खिडकीत गेलेले मेसेज बहुतेक वेळा अशा अर्धवट उत्तरांतून निघतात. आणि पाठवण्याआधी ग्राहकाचा शेवटचा मेसेज पुन्हा वाचा, फक्त शेवटचा. त्याला काही सेकंदच लागतात.

हे सगळं करूनही रोज चार येत असतील, तर प्रश्न तुमच्या कौशल्याचा नाही. लीडरकडे जा आणि मधल्या उत्तरांचं अंतर दाखवा.

## नवीन एजंटला किती चॅट द्याव्यात?

सुरुवातीला एकच. त्याला अजून खातं कुठे उघडायचं, कोणती तयार उत्तरं आहेत हेच शोधावं लागतं, त्यामुळे त्याचा स्वतःचा वेळ मोठा असतो आणि प्रमाण बिघडलेलं असतं. एका चॅटवर त्याची उत्तरं क्यूएमध्ये, म्हणजे दर्जाच्या तपासणीत, सलग नीट यायला लागली की दोन द्या. तीनची घाई करू नका. घाईत शिकलेला एजंट तयार उत्तरं चिकटवण्याची सवय लावून घेतो आणि ती पुढे सुटत नाही.

अनुभवी एजंटची मर्यादा त्याच्या सांगण्यावरून वाढवू नका; त्याच्या परत आलेल्या ग्राहकांचा आकडा बघून वाढवा. ‘मला पाचही जमतात’ म्हणणारा मनापासून म्हणत असतो, पण परत आलेले ग्राहक त्याच्याकडेच येतील असं नाही, त्यामुळे त्याला त्याची किंमत दिसत नाही.

## किती एजंट लागतील हे कॉल सेंटरच्या गणिताने काढता येतं का?

जसंच्या तसं नाही. ए. के. एर्लांग यांनी १९१७ साली मांडलेल्या सूत्रांवर कॉलचं गणित आजही चालतं, पण त्यात एक गृहीत आहे: एक माणूस एका वेळी एकच कॉल घेतो, आणि कॉलचा वेळ तो किती व्यग्र आहे यावर अवलंबून नसतो. चॅटमध्ये दोन्ही गोष्टी खोट्या ठरतात. म्हणून ‘१० एजंट, प्रत्येकी ३ चॅट, म्हणजे ३० एजंट’ असं धरून काढलेला अंदाज नेहमी कमी माणसं दाखवतो. त्याऐवजी वरच्यासारखा आपल्या टीमचा तक्ता बनवा आणि ‘तासाला किती संपतात’ त्या रकान्यातला खरा आकडा धरा. एजंट पूर्ण तास सलग बसत नाही, हेही त्यात धरायला विसरू नका.

## एकदा ठरवलेली मर्यादा परत कधी तपासायची?

दोन भागांपैकी एकही बदलला की. नवीन स्क्रीन आली आणि खातं उघडायला आधीपेक्षा दोन क्लिक जास्त लागू लागले, तर एजंटचा वेळ वाढला. साधे प्रश्न मदतीच्या पानांनीच सुटू लागले, तर चॅटवर येणारे सगळे अवघड असतील. फेऱ्या वाढतील, शोधाशोध वाढेल आणि पूर्वी तीन पेलणारी टीम दोनवर येईल. हे दुसरं फार ठिकाणी नजरेतून सुटतं. चॅटची संख्या कमी झाली म्हणून माणसं कमी केली जातात, मर्यादा तीच ठेवली जाते आणि मग सगळे विचारत बसतात की एजंट अचानक चुका का करू लागले.

बदल करताना सगळ्या टीमवर एकदम करू नका. सारख्या विषयांवर काम करणाऱ्या दोन गटांपैकी एकाची मर्यादा दोन आठवडे एकाने कमी करा, दुसऱ्याची तशीच ठेवा, आणि परत आलेल्या ग्राहकांचा निकाल हाती यायला आणखी एक आठवडा थांबा.